चार चित्रांची वाट

बारा पानांचा लेख छापून आला तेव्हा सिस्टरने त्याची एक प्रत देवापाशी ठेवली होती. दोन दिवसांनी सासूबाईंनी ती उचलून तिच्या हातात दिली. "घे. त्याचं वाचून झालं असेल आता."

त्याला चार महिने झाले. आता तीच बारा पानं जेवणाच्या टेबलावर पसरली होती आणि त्यांच्याकडे बघून सिस्टरला जांभया येत होत्या. ज्या लेखात आपली अडीच वर्षं गेली त्याचीच जांभई यावी याचं तिला वाईट वाटलं असतं. पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि ते सकाळच्या ड्यूटीत संपलं होतं.

शेजारी परिषदेचं पत्र होतं. तुमचा लेख पोस्टररूपाने मांडायला मान्यता मिळाली आहे. पोस्टर उभं हवं. रुंदी चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, उंची एकशे एकोणीस. मजकूर तीनशे शब्दांच्या आत. लेखकाने पोस्टरपाशी एक तास उभं राहावं. लेखात शब्द होते चार हजार दोनशे.

विषय तसा सांगायला साधा होता. अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाचे हातपाय जातात तसा कधीकधी गळाही जातो, आणि ते बाहेरून दिसत नाही. त्याला कोणी मायेने घास भरवला तर तो पोटात न जाता श्वासाच्या नळीत उतरतो, आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणून सिस्टरच्या वॉर्डात एक नेम सुरू झाला होता. पहिला घास देण्याआधी रुग्ण नीट जागा आहे ना ते बघायचं. ताठ बसवायचं. मग एकेक करून तीन चमचे पाणी द्यायचं आणि दर चमच्यानंतर थांबायचं. खोकला आला, आवाज ओला, घरघरता झाला, की तिथेच बंद. तोंडाने काही द्यायचं नाही आणि गिळण्याच्या तज्ज्ञांना बोलवायचं. तिन्ही चमचे सुरळीत गेले तरच पुढचं. हा नेम नव्हता तेव्हा शंभरातल्या एकोणीस जणांना न्यूमोनिया व्हायचा. नेम सुरू झाल्यावर शंभरात दहा.

नेमाआधी न्यूमोनिया झालेल्यांपैकी एक जण सिस्टरच्या मनातून जात नव्हते. नऊ नंबरच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर. त्यांच्या मुलीने सकाळी कपात फुंकर घालून त्यांना दोन घोट चहा पाजला होता. आठव्या दिवशी मास्तर गेले. चहाचं त्या मुलीला कोणी सांगितलं नाही, आणि सिस्टरनेही नाही. देवाने काही ओझी सांगून हलकी होऊ नयेत अशीच घडवलेली असतात.

आता हा नेमच बंद पडायची वेळ आली होती. त्यासाठी सकाळी एक जादा नर्स लागायची, आणि अधीक्षकांनी तिला महिनाअखेर दुसऱ्या वॉर्डात पाठवायचं ठरवलं होतं. सिस्टर त्यांच्याकडे तीनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "सिस्टर, एका हॉस्पिटलात चाललेल्या गोष्टीला लोक तुमची हौस म्हणतात. दुसऱ्या एखाद्या हॉस्पिटलने हे उचललं आणि तसं लेखी दिलं, तर मी समितीपुढे ठेवतो आणि तोवर नर्स राहू देतो. एक चालेल. पण एक तरी आणा."

परिषद येत्या रविवारी होती. तिथे शंभराहून जास्त हॉस्पिटलांची माणसं येणार होती. सिस्टरच्या हातात त्यांच्यासाठी एक कागद होता आणि एक तास.

पहिला प्रयत्न तिने तोच केला जो सगळे करतात. लेखातले मथळे घेतले: प्रस्तावना, पद्धती, परिणाम, चर्चा. प्रत्येकाखाली लेखातलाच मजकूर जरा छाटून चिकटवला. मोजले तर एकोणीसशे शब्द. ते मावावेत म्हणून अक्षर बारीक केलं, तरी खालची चर्चा कागदाबाहेर लोंबकळत राहिली.

दुसरे लेखक म्हणून ज्यांचं नाव होतं ते मेंदूविकाराचे मोठे डॉक्टर. त्यांना तिने ते पाठवलं. डॉक्टरांनी परत पाठवलं तेव्हा शब्द बावीसशे झाले होते. सोबत निरोप: तक्ता क्रमांक तीन जसाच्या तसा हवा.

तक्ता क्रमांक तीन हा लेखाचा कणा होता हे खरं. वय, झटक्याची तीव्रता, मधुमेह, सगळं हिशेबात धरलं तरी नेमाचा फायदा उरतोच, हे त्यात दाखवलं होतं. अकरा ओळी, सहा रकाने, सगळीकडे दशांशचिन्हं. डॉक्टरांनी तो स्वतः दोन वर्षं बसून उभा केला होता. सिस्टरने तो पोस्टरच्या मधोमध ठेवला आणि लांबून बघितला. लांबून तो खिडकीच्या जाळीसारखा दिसत होता.

स्वयंपाकघरात सासूबाई मोबाइलवर कीर्तन ऐकत भाजी निवडत होत्या. बुवांचा आवाज वर चढला, टाळ वाजले, मग आवाज खाली आला आणि पुन्हा तीच ओळ. सिस्टर नकळत कान देऊन ऐकायला लागली. कपाळ हातावर टेकलेलं, डोळे मिटलेले.

"झोपलीस का?"

"नाही. एकच ओळ किती वेळ म्हणताहेत ते ऐकते आहे."

"दोन तास. एक ओळ घेतली की तिचाच पदर उलगडत राहतात. मधे गोष्ट सांगतील, हसवतील, रडवतील, पण परत येतात तिथेच." सासूबाईंनी एक किडका देठ बाजूला टाकला. "तुझं काय चाललंय?"

"माझं उलटं आहे. दोन तासांची एक ओळ करायची आहे."

"मग कर. कोणती ओळ?"

सिस्टरने समोरच्या पानावरून वाचलं. "तीव्र पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये परिचारिकांनी प्रथम मुखावाटे आहारापूर्वी केलेल्या गिळणक्षमता-तपासणीमुळे न्यूमोनियाच्या प्रमाणात सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय घट आढळून आली."

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. बुवा गात होते.

"ही ओळ नाही गं. ही मालगाडी आहे. तू मला सांगताना असं सांगितलं होतंस का? मागे पाय दुखत होते तुझे, मी तेल लावत होते, तेव्हा कसं सांगितलंस?"

"कसं?"

"पहिल्या घासाआधी तीन चमचे पाणी द्यायचं आणि ऐकायचं. एवढंच म्हणालीस. मला तर अजून पाठ आहे."

सिस्टरने डोळे उघडले. मालगाडी खोडली आणि तिच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: पहिल्या घासाआधी तीन चमचे पाणी द्या आणि ऐका. तिला आनंद वगैरे झाला नाही. पाठीवरून एक पोतं उतरलं आणि बाकीची तशीच आहेत, एवढंच वाटलं.

पुढचे तीन दिवस ड्यूटीवरून आल्यावर ती शब्द काढत राहिली. प्रस्तावनेतून आधीच्या संशोधनाचे दोन परिच्छेद गेले; पोस्टरपाशी उभ्या माणसाला ते माहीत असतं, आणि नसलं तर त्याचं तिथे काम नसतं. पद्धतीतली सहा वाक्यं जाऊन त्यांच्या जागी चार चित्रं आली. चर्चा सगळीच गेली. एकोणीस आणि दहाचा आलेख मात्र तिने लेखातूनच उचलून मोठा करून लावला, आणि गुरुवारी फाइल घेऊन छपाईच्या दुकानात गेली.

छपाईवाल्याने पडद्यावर आलेख ताणून दाखवला. कडा विरघळल्या होत्या आणि खालचे आकडे ओले होऊन पसरल्यासारखे दिसत होते.

"ताई, हे लेखाच्या फाइलीतून कापून आणलंय ना? तिथे तळहाताएवढं होतं, इथे पाटाएवढं केलंत. मी छापीन, पण लोक म्हणतील मुंग्या बसल्यात. नवा काढा."

"आणखी काही?"

"आणखी सांगू? सांगतोच. घरी साध्या कागदावर एक प्रत काढा, पत्राच्या कागदावर. आमचा मोठा कागद त्याच्या बरोब्बर चौपट उंच आणि चौपट रुंद. तो लहान हातात धरून सरळ वाचता आला तर भिंतीवरचा दोन-तीन हातांवरून वाचता येईल. डोळे बारीक करावे लागले तर परत या." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं. "बसा जरा. तुम्हीच फिक्या छापल्यासारख्या दिसताय."

नवा आलेख काढताना तिला सुचलं की आलेख नकोच. तिने शंभर ठिपके काढले, दहाच्या दहा ओळी, एकोणीस लाल. शेजारी आणखी शंभर, दहा लाल. त्याला समजावून सांगायला एकही शब्द लागत नव्हता. डॉक्टरांचा तक्ता मात्र होता तिथेच राहिला, डाव्या बाजूला, निम्मी रुंदी अडवून. उरलेल्या उजव्या पट्टीत चार चित्रं एकाखाली एक मावेनात, म्हणून तिने ती चौकोनात बसवली: दोन वर, दोन खाली. आधी बाण काढले होते. ते तक्त्याला टोचत होते, म्हणून पुसले.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला फाइल छपाईला गेली. पावणेबाराला, सगळ्या खाटांची औषधं वाटून झाल्यावर, सिस्टर वॉर्डच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली आणि खिशातून लहान प्रत काढली. अक्षर वाचता येत होतं. देवा, झालं बाबा एकदाचं, असं ती मनात म्हणाली.

हाडांच्या वॉर्डातल्या मावशी चादरींचा गठ्ठा न्यायला आल्या होत्या. या वॉर्डात त्यांचं काम नसे. पण दुसऱ्याच्या हातातला कागद बघितल्याशिवाय त्या कधी पुढे गेल्या नव्हत्या.

"बदलीचा आहे का?"

"नाही हो, मावशी. पोस्टर आहे. आमच्या नेमाचं."

"बघू. सातवीपर्यंत शाळा झालीय, तुमच्या पोस्टरला पुरेल." त्यांनी गठ्ठा काखेत मारला आणि कागदावर बोट ठेवलं. मथळा वाचला. ठिपके बघितले. "हे लाल म्हणजे आजारी पडलेले. इकडे कमी. बरं." तक्त्यावर बोट आलंच नाही, पाण्यातला दगड टाळावा तसं त्याला वळसा घालून गेलं आणि चित्रांवर टेकलं. "आधी बसवायचं. मग कान लावून आवाज ऐकायचा. मग चमच्याने पाणी. मग ताट. एवढंच ना? हे तर मलाही जमेल."

सिस्टरने भिंतीची टेक सोडली.

"काय झालं?"

"परत वाचा बरं, मावशी. हळू."

मावशींनी परत वाचलं. बोट वरच्या डाव्या चित्रावरून वरच्या उजव्यावर गेलं, तिथून खाली डावीकडे, मग उजवीकडे. बसवणं, ऐकणं, पाणी, जेवण.

सिस्टरने चित्रं उभी मांडली होती. डावीकडची दोन वरून खाली, मग उजवीकडची दोन वरून खाली. बसवा, पाणी द्या. ऐका, मग जेवण. लेख दोन रकान्यांत छापलेला होता, तो अडीच वर्षं वाचून वाचून तिचे डोळे आपोआप आधी खाली उतरायचे. मावशींनी लेख वाचला नव्हता. त्या वहीची ओळ वाचावी तसं वाचत होत्या, आणि जगातली बाकीची माणसंही तसंच वाचणार होती.

"पाणी पाजल्यावर काय बघायचं, मावशी?"

"काय बघायचं? पाण्यानंतर जेवण आहे की इथे."

"खोकला आला तर?"

"तसं इथे पाण्याआधी लिहिलंय. पाण्याआधी खोकलत नव्हता तर द्यायचं ताट."

वाढलेल्या पानासारखा सुबक, देखणा कागद होता तो, आणि त्यातून नेमका तो चहाचा कप पुढे येत होता. ज्याचा गळा गेलाय त्याला पाणी पाजा, आणि न थांबता घास द्या. सिस्टरला नऊ नंबरच्या खाटेचा कठडा डोळ्यासमोर दिसला.

"मावशी, हे वरून खाली वाचायचं आहे."

"मग तसं सांगायला नको? आता तुम्ही उभ्या आहात म्हणून सांगितलंत. तिथे तुम्ही जरा पाणी प्यायला गेलात की कागद काय हाक मारणार आहे?"

तिने छपाईवाल्याला फोन लावला. पाठीमागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"थांबवा. चुकलंय."

"ताई, आत्ताच चढवला होता. उतरवतो. पण दीड वाजता कुलूप लावून मी गावाला निघतोय, ते सोमवारी परत. दीडच्या आत नवी फाइल आली तर छापून शटरपाशी ठेवतो. नंतर माझा इलाज नाही."

बारा वाजायला पाच मिनिटं होती.

चित्रं उभी एका ओळीत मांडायची तर जागा हवी, आणि जागा तक्त्याखाली होती. सिस्टर बाह्यरुग्ण विभागात गेली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर वीस माणसं बसली होती. आतला रुग्ण बाहेर येताच ती शिरली.

"सर, तक्ता काढावा लागेल."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. "सिस्टर, आपण यावर बोललोय. तो तक्ता नसेल तर कोणीही म्हणेल की तुमचे नंतरचे रुग्ण मुळातच बरे होते. माझी दोन वर्षं आहेत त्यात."

"माहीत आहे, सर. लेखात तो राहणारच आहे. पोस्टरवर चौकोनी कोड देते, मोबाइल धरला की सगळा लेख उघडेल, तक्त्यासकट."

"आणि जो मोबाइल धरणार नाही?"

"त्याच्यासाठी एक ओळ. इतर कारणं हिशेबात धरली तरी फरक टिकतो. आणि त्याखाली, एकाच हॉस्पिटलमधली आधी-नंतरची तुलना आहे, हेही."

"एका ओळीत दोन वर्षं." ते हसले नाहीत. "नको. अक्षर बारीक करा, हवं तर कोपऱ्यात घ्या. पण राहू दे."

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने लहान प्रत त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. "सर, ही चार चित्रं मला वाचून दाखवता? फक्त तेवढीच. मोठ्याने."

"कशाला?"

"बाहेर वीस जण आहेत. मी लगेच जाते."

डॉक्टरांनी कागद ओढला. "ताठ बसवा. खोकला, आवाज ऐका. पाणी..." ते थांबले. पुन्हा पहिल्या चित्रावर आले. "पाणी तिसऱ्यावर कसं?"

"तिसऱ्यावर नाही, सर. दुसऱ्यावर आहे. तुमचे डोळे आडवे गेले."

"मला नेम माहीत आहे म्हणून मी अडलो."

"हो. हाडांच्या वॉर्डातल्या मावशी अडल्या नाहीत. त्यांनी सरळ ताट दिलं."

दारावर कोणीतरी टकटक केली. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि तक्ता क्रमांक तीनवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. सावकाश मारली, आपल्या हाताने लावलेल्या झाडाची फांदी छाटताना माणूस जसा हलक्या हाताने छाटतो, तशी.

"ती ओळ नीट लिहा," ते म्हणाले. "फरक टिकतो, एवढंच. आपण फरक सिद्ध केला वगैरे नको. आणि पुढच्याला आत पाठवा."

वॉर्डच्या कोपऱ्यातल्या संगणकावर सिस्टरने तक्ता उचलला आणि पोस्टर एकदम मोकळं झालं. चारही चित्रं तिने मधोमध एकाखाली एक घेतली, मोठी. एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले, वितीएवढे. मधे जाड बाण. पहिल्या चित्राशेजारी लिहिलं: रुग्ण पेंगत असेल तर सुरूच करू नका. तिसऱ्याशी वाट फुटली: खोकला किंवा ओला आवाज आला तर बाण उजवीकडे एका लाल चौकटीत जात होता, थांबा, तोंडाने काही नाही, तज्ज्ञांना बोलवा, आणि काही नसेल तरच खाली चौथ्याकडे. तीनपासून दोनकडे एक वळलेला लहान बाणही काढला, दर चमच्यानंतर, असं लिहून. ठिपक्यांचे दोन चौकोन पायथ्याशी. त्याखाली डॉक्टरांची ओळ, तिच्याखाली उणीव सांगणारी ओळ, कोपऱ्यात कोड आणि तिचा पत्ता. दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. तिथे काहीतरी घालावं असा हात शिवशिवला. तिने तो मांडीखाली दाबून धरला. शब्द भरले एकशे शहाऐंशी.

एक वाजून पाच मिनिटांनी प्रत काढून ती जिना चढून हाडांच्या वॉर्डात गेली. मावशी डबा खात होत्या.

"आता वाचा."

मावशींनी डाव्या हाताचं बोट ठेवलं. ते वरून निघालं, पाण्यावर आलं, ऐकण्यावर आलं, वळणाच्या बाणावरून परत वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर, पुन्हा खाली. तीनदा. मग लाल चौकटीकडे गेलं. "इथे खोकला असला तर इकडे, थांबायचं. नसला तर खाली ताट." बोट थांबलं. "आधीचं मी चुकीचं वाचलं होतं का?"

"तुम्ही बरोबर वाचलं होतं, मावशी. मी चुकीचं लिहिलं होतं."

"असू दे. घास घ्या एक. तोंड बघा कसं झालंय."

फाइल सव्वाला गेली. शटरपाशी ठेवलेली पोस्टरची नळी तिने संध्याकाळी घरी जाताना उचलली.

रविवारी त्या मोठ्या सभागृहात एकशे चाळीस पोस्टरं उभी होती. लोक हातात कागदी कप घेऊन फळ्यांमधून बाजारातून जावं तसे जात होते, मान किंचित वळवून, पाय न थांबवता. शेजारच्या पोस्टरवर इतका मजकूर होता की त्याचे लेखक स्वतःच नाक लावून शोधत होते. सिस्टर उभी होती. ताठ उभी राहायची तिला सवय होती, पण नुसतं उभं राहायची नव्हती. हातात ना ट्रे, ना केसपेपर, पाय जास्तच दुखत होते.

एक प्राध्यापक थांबले, खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "विश्लेषण कुठे आहे?" तिने कोड दाखवला. त्यांनी मोबाइल धरला, तक्ता उघडून तिथेच उभ्याने वाचला, "हं" म्हणून गेले. डॉक्टरांना सांगायला हवं, तिला वाटलं. मोबाइल धरणारे असतात.

चाळीस मिनिटं गेली. सतरा जण थांबले, पाच जणांनी फोटो काढले, कोणी काही मागितलं नाही. सिस्टर मनातल्या मनात नाम घेत होती. फळाची अपेक्षा न धरता घ्यावं म्हणतात, तिने ती धरूनच घेतलं.

मग समोरच्या रांगेतून एक बाई येताना दिसली. साधी सपाट चप्पल, खांद्याला फुगलेली पिशवी, आणि घाईत अर्धवट आवळलेला केसांचा गोळा. बारा तास उभं राहणाऱ्या माणसाची चाल सिस्टरला लांबूनही ओळखू येते. बाईने चालता चालता मान वळवली आणि मथळ्यावर अडली. जवळ आली नाही. तिथूनच, दोन-तीन हातांवरून, तिने हवेत बोट उचललं आणि ते खाली आणत गेली. एक. दोन. तीन. तीनवरून वर, परत खाली. मग उजवीकडे. मग चार.

सिस्टर पोस्टरसमोरून एक पाऊल बाजूला झाली.

"दर चमच्याला थांबायचं," बाई म्हणाली. विचारलं नाही, वाचून दाखवलं. "आणि पेंगत असेल तर सुरूच करायचं नाही. आमच्याकडे पेंगणाऱ्यांनाच घाईने भरवतात. नातेवाईक म्हणतात, दोन दिवस उपाशी आहेत हो."

"आमच्याकडेही असंच होतं."

"मी इन्चार्ज आहे. अठ्ठावीस खाटा. तुमच्याकडे यासाठी जादा माणूस आहे?"

"सकाळी एक नर्स आहे. महिनाअखेर नसेल."

"आमच्याकडे आधीपासूनच नाही." बाईने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा पोस्टरकडे बघितलं. "हे असंच्या असं आमच्या वॉर्डात लावलं तर चालेल का? जेवणाच्या गाडीशेजारी भिंत मोकळी आहे. मला वर्ग घ्यायला वेळ नसतो, पण हे तर येता-जाता वाचतील."

"चालेल." सिस्टर म्हणाली. "फाइल पाठवते. पण मला एक चिठ्ठी लागेल. तुम्ही सुरू करताय अशी."

"कोणाला दाखवायला?"

"अधीक्षकांना."

बाईने समजून मान हलवली. अधीक्षक तिलाही होते. पिशवीतून पेन निघालं, कार्यक्रमपत्रिकेची कोरी बाजू निघाली, आणि पोस्टरच्या फळीवरच कागद टेकवून तिने लिहिलं: हॉस्पिटल, वॉर्ड, एक तारखेपासून. खाली सही, हुद्दा, फोन. "सोमवारी आमच्या मेट्रनचा शिक्का मारून कागद पाठवते. तोवर हे राहू दे." आणि चहा संपायच्या आत पोचायला म्हणून तशीच घाईने निघून गेली.

तास संपायला अजून बारा मिनिटं होती. सिस्टरने आजूबाजूला बघितलं, शेजाऱ्याची रिकामी खुर्ची ओढली आणि बसली. पोस्टर तिच्या डोक्यावर उभं होतं, आणि लोक ते तिच्याशिवाय वाचत होते.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाईंनी कीर्तन थांबवलं. "विचारलं का कोणी?"

"एकीने."

"समोर एक जण जागा असला की बुवा गातात." त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि देवाकडे निघाल्या.

"दोन दिवस ठेवू नका हं. उद्या सकाळी अधीक्षकांना द्यायची आहे."

"बरं. छोटी आहे, लगेच वाचून होईल त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "तू पाय वर घे."